गच्चीवरचा पाइप उन्हात का तडकतो? क्लॅम्प, रंग आणि वाढीसाठी जागा



आठवीच्या सामान्य विज्ञानात 'उष्णतेचे मापन व परिणाम' हा पाठ आहे. स्थायूंचे प्रसरण शिकवताना आपण रेल्वेच्या रुळांमधली फट सांगतो. पण आता बरेच रूळ सलग जोडलेले असतात, त्यामुळे ती फट मुलांना दिसतच नाही. त्यापेक्षा सोपं उदाहरण आपल्या भागातल्या प्रत्येक इमारतीच्या गच्चीवर आहे: टाकीपासून कठड्याकडे जाणारा प्लॅस्टिकचा पाइप. तो दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे तडकतो. आपण प्लंबरला बोलावतो, तो तेवढा तुकडा बदलतो, आणि पुढच्या वर्षी शेजारचा सांधा जातो.

पिंपरी-चिंचवडमध्ये हा विषय किरकोळ नाही. नोव्हेंबर २०१९ पासून महापालिकेने दिवसाआड पाणीपुरवठा सुरू केला. म्हणजे टाकीत भरलेलं पाणी दोन दिवस पुरवायचं असतं. रात्री एखादा एल्बो तडकला आणि हजार लिटरची टाकी गच्चीवर सांडली, तर पुढचं पाणी येईपर्यंत सगळ्या बिऱ्हाडांची पंचाईत होते. चाकण, मोशी, चिखली भागात कामगारांसाठी बांधलेल्या खोल्यांच्या इमारतींवर एकाच टाकीवर दहा-दहा कुटुंबं असतात. म्हणून हा पाठ मुलांबरोबर पालकांसाठीही आहे.

एक पाइप, दोन वेगळे त्रास

पालकसभेनंतर एका वडिलांनी मला विचारलं होतं, "मॅडम, आम्ही तर गरम पाण्याचा सीपीव्हीसी पाइप लावला होता. गरम पाणी सोसतो, मग उन्हानं कसा फुटला?"

या प्रश्नातच सगळा धडा आहे. ऊन पाइपला दोन प्रकारे त्रास देतं आणि ते दोन प्रकार आपण एकच समजतो. पहिला त्रास उन्हातल्या अतिनील किरणांचा. दुसरा त्रास उन्हाच्या उष्णतेचा. गरम पाण्याचा पाइप उष्णता सोसायला बनवलेला असतो, अतिनील किरणं सोसायला नाही. गरम पाण्यात अतिनील किरणं नसतात! त्यामुळे 'गरम पाण्याला चालतो म्हणजे उन्हालाही चालतो' हा समज चुकीचा आहे.

अतिनील किरणं पाइपच्या वरच्या बाजूवर पडतात आणि तिथल्या प्लॅस्टिकचे लांब रेणू हळूहळू तुटतात. आधी चकाकी जाते, मग पिवळट किंवा तपकिरी छटा येते, आणि बोट फिरवलं की पांढरी पूड लागते. हा परिणाम वरच्या पातळ थरापुरताच असतो, आतला पाइप बराचसा चांगला असतो. म्हणून असा पाइप पाण्याचा दाब सोसत वर्षानुवर्षे चालतोही. पण तो ठिसूळ झालेला असतो. पतंग उडवताना कुणाचा पाय पडला, वाळवण घालताना त्यावर पाट आपटला, की बिस्किटासारखा तुटतो. चांगल्या पाइपला तेवढ्याने काही झालं नसतं.

जाता जाता मुलांना एक प्रश्न विचारा: गच्चीवरच्या बहुतेक टाक्या काळ्या का असतात? त्या प्लॅस्टिकमध्ये काजळीसारखा बारीक कार्बन मिसळलेला असतो. तो अतिनील किरणं वरच्या वर शोषून घेतो आणि आतलं प्लॅस्टिक वाचवतो. पांढऱ्या पाइपात टिटॅनियम डायऑक्साइड नावाची पांढरी भुकटी थोडंफार हेच काम करते, पण उघड्या गच्चीवर कायमचं संरक्षण द्यायला ती पुरत नाही.

उष्णतेने पाइप किती वाढतो?

आता दुसरा त्रास. पीव्हीसीचा एक मीटर पाइप एक अंश सेल्सिअसने तापला की साधारण ०.०७ मिलीमीटर वाढतो. सीपीव्हीसीचंही जवळपास तेवढंच. लोखंडी जीआय पाइप मात्र ०.०१२ मिलीमीटरच वाढतो. म्हणजे प्लॅस्टिक लोखंडाच्या पाच-सहा पट हलतं. जुन्या इमारतींवर जीआय पाइप भिंतीला घट्ट आवळून लावलेले असत आणि ते चालून जाई. तीच सवय प्लॅस्टिकला लावली, की गडबड होते.

मुलांना लक्षात ठेवायला सोपं: दहा मीटर, दहा अंश, सात मिलीमीटर. दहा मीटरचा पाइप दहा अंशांनी तापला की सात मिलीमीटर वाढतो. बाकी सगळं गुणाकाराने निघतं.

लांबीतील वाढ (मिमी) = लांबी (मीटर) × तापमानातील फरक × ०.०७

हा फरक हवेचा नाही, पाइपचा धरायचा. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे पाइप १२ अंशांपर्यंत उतरतो. मे महिन्याच्या दुपारी हवा ३८ ते ४० अंश असली, तरी उन्हात पडलेला रिकामा पाइप सहज ५० च्या पुढे जातो. शिवाय दुपारी कुणी नळ उघडला की टाकीतलं थंड पाणी तापलेल्या पाइपातून वाहतं आणि तो लगेच आकसतो. नळ बंद झाला की पुन्हा तापतो. म्हणजे पाइपची ये-जा दिवसातून अनेकदा होते.

एक गच्ची धरून हिशेब करू

समजा भोसरीतली एक तीन मजली इमारत आहे. टाकीजवळ व्हॉल्व्ह आहे. तिथून एक इंची पाइप कठड्याच्या कडेने सरळ १२ मीटर जातो, मग एल्बो लावून वळतो आणि डक्टमधून खाली उतरतो. पहाटेचे १२ अंश आणि भर दुपारचे ५२ अंश धरले तर फरक ४० अंश.

१२ × ४० × ०.०७ = ३३.६, म्हणजे सुमारे ३४ मिलीमीटर.

साडेतीन सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ दोन बोटं! आता कल्पना करा, प्लंबरने दर तीन फुटांवर क्लॅम्प स्क्रूने घट्ट आवळला आहे आणि शेवटचा एल्बो कठड्याला चिकटवून वर सिमेंटने लिंपून टाकला आहे. पाइपला वाढायला जागा कुठे? तापल्यावर तो क्लॅम्पच्या मध्ये नागमोडी वाकतो. हे काम भर दुपारी झालं असेल तर रात्री उलटं होतं. पाइप आकसू पाहतो, क्लॅम्प सोडत नाहीत, आणि सांध्यांवर शे-दोनशे किलो वजनाइतका ओढा पडू शकतो. रोज दुपारी ढकल, रोज पहाटे ओढ. त्यात वरचा थर उन्हाने ठिसूळ झालेला. अशा थरावर एक केसाएवढी चीर पडली की तिच्या टोकाशी सगळा ताण एकवटतो आणि ती आत सरकत जाते. कापडाला कात्रीने छोटा छेद दिला की ते पुढे सहज फाटतं, तसंच.

म्हणून नुसता रंग दिला आणि क्लॅम्प घट्टच ठेवले, तर पाइप सांध्याशी जातो. क्लॅम्प सैल केले आणि रंग दिला नाही, तर काही वर्षांनी धक्क्याने जातो. दोन्ही करावं लागतं.

तडा बघून कारण ओळखा

प्लंबर येण्याआधी तडा नीट पाहा. मुलांनाही लांबून दाखवा, निरीक्षणाचा चांगला पाठ होतो.

- वरच्या बाजूवर पूड, पिवळेपणा आणि बारीक केसाळ चिरा. खालची बाजू मात्र अजून चकचकीत: हे उन्हाच्या किरणांचं काम.
- तडा पाइपभोवती गोल, बांगडीसारखा, आणि तोही एल्बोच्या तोंडाशी, टीच्या जवळ किंवा क्लॅम्पच्या कडेला: हे अडकवलेल्या हालचालीचं काम.
- दुपारी पाइप क्लॅम्पच्या मध्ये सापासारखा वाकलेला आणि पहाटे सरळ: अजून फुटला नाही, पण हालचालीला जागा नाही एवढं तो सांगतोय.
- तडा लांबीच्या दिशेने उभा: इथे पाण्याचा दाब, मोटरचा धक्का किंवा पाइपचाच दोष असू शकतो. हा त्रास रंग किंवा क्लॅम्पने जाणार नाही.

क्लॅम्प: धरायचा, आवळायचा नाही

क्लॅम्पचं काम पाइपचं वजन पेलणं आणि त्याला रांगेत ठेवणं. एक इंची पाइपला आडव्या रेषेत साधारण दर तीन फुटांवर आधार हवा. त्याहून लांब ठेवला तर तापलेला, मऊ पडलेला पाइप मध्ये झोळ धरतो.

सगळ्या रेषेत एकाच जागी पाइप पक्का धरायचा. बाकी सगळे क्लॅम्प असे हवेत की पाइप हाताने पुढे-मागे सरकवता येईल. आमच्या गच्चीच्या उदाहरणात पक्की जागा टाकीजवळच्या व्हॉल्व्हपाशी ठेवावी. व्हॉल्व्ह फिरवताना पाइपला पीळ बसतो, तोही तिथेच अडतो, आणि टाकीच्या निप्पलला ढकल बसत नाही. मग सगळी ३४ मिलीमीटर हालचाल दुसऱ्या टोकाकडे, म्हणजे एल्बोकडे जाते.

क्लॅम्पची कड धारदार नसावी. बाइंडिंग वायरने पाइप बांधू नये, कारण पाइप सरकताना तार त्याला कापत जाते. सीपीव्हीसी पाइपला मऊ प्लॅस्टिकच्या वायरी किंवा पट्ट्याही गुंडाळू नयेत. त्यांना मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य हळूहळू सीपीव्हीसीमध्ये उतरतं आणि तिथे चिरा पडतात. पाइप थेट स्लॅबवर न टेकवता छोट्या ठोकळ्यांवर उचललेला बरा, म्हणजे तो सरकताना घासत नाही आणि पावसाच्या पाण्यात-मातीत रुतत नाही.

वाढीसाठी जागा: एल्बोनंतरचा मोकळा पाय

आता ती ३४ मिलीमीटर जिरवायची कशी? सरळ पाइप एल्बोने वळतो तेव्हा पुढचा आडवा तुकडा थोडा वाकून ही हालचाल सोसू शकतो. पट्टीचं एक टोक टेबलावर दाबून दुसरं टोक बोटाने ढकला. लांब पट्टी सहज वाकते, आखूड पट्टी कडक राहते आणि मोडते. म्हणून वळणानंतरचा पहिला घट्ट आधार पुरेसा लांब हवा. या अंतराला आपण 'मोकळा पाय' म्हणू. पीव्हीसीसाठी त्याचा हिशेब असा:

मोकळा पाय (मिमी) = ३४ × √(पाइपचा बाहेरचा व्यास × हालचाल)

एक इंची पाइप बाहेरून सुमारे ३३ मिलीमीटर असतो. ३३ × ३४ = ११२२, त्याचं वर्गमूळ सुमारे ३३.५, आणि ३४ ने गुणलं की ११३९. म्हणजे जवळपास सव्वा मीटर जागा धरावी. वळणानंतर तेवढ्या अंतरात घट्ट क्लॅम्प नको. मध्ये आधार लागला तर पाइप ठोकळ्यावर नुसता टेकवावा. आणि एल्बो कठड्यापासून पाच सेंटिमीटर तरी लांब हवा, नाहीतर वाढणारा पाइप भिंतीवर जाऊन आदळेल.

सव्वा मीटर जागाच नसेल तर? मग पक्की जागा रेषेच्या मधोमध घ्या. हालचाल दोन्हीकडे वाटली जाते, १७-१७ मिलीमीटर, आणि मोकळा पाय सुमारे ८० सेंटिमीटरवर येतो. पण मग तसाच वळणाचा पाय टाकीच्या बाजूलाही ठेवावा लागतो. कुठेच वळण नसेल, पाइप दोन पक्क्या टोकांमध्ये सरळ असेल, तर मध्ये चार एल्बो लावून चौकोनी कंसासारखा वळसा काढतात.

इथे खोल्यांच्या इमारतींवर एक गोष्ट हमखास सुटते. मुख्य रेषेतून टी काढून प्रत्येक मजल्याला, प्रत्येक खोलीला उतरणारे पाइप दिलेले असतात. पक्क्या जागेपासून तीन मीटरवरचा टी साडेआठ मिलीमीटरच सरकतो, पण बारा मीटरवरचा पूर्ण ३४ मिलीमीटर. उतरणारा पाइप टीच्या लगेच खाली भिंतीला आवळला असेल, तर लांबचे टी आधी जातात. तुमच्या गच्चीवर दर वर्षी 'शेवटचाच' टी फुटत असेल, तर कारण बहुधा हेच. प्रत्येक उतरणीला स्वतःचा मोकळा पाय हवा. पाइप भिंतीतून जातो तिथे भोवती मोठ्या मापाच्या पाइपचा तुकडा बसवावा आणि मधल्या फटीत सिमेंट भरू नये.

रंग: कोणता आणि कसा

रंगाचं काम अतिनील किरणं अडवणं. त्यासाठी बाहेरच्या भिंतींना लावतात तो पाण्यात मिसळायचा अ‍ॅक्रिलिक रंग घ्यायचा, पांढरा किंवा फिका. फिक्या रंगाने पाइप कमी तापतो, म्हणजे हालचालही थोडी कमी होते. ऑइल पेंट, टर्पेंटाइन, थिनर यांपासून लांब राहावं. त्यातली द्रावणं प्लॅस्टिकला, विशेषतः सीपीव्हीसीला, मऊ करतात आणि ताण असेल तिथे चिरा पाडतात.

पद्धत साधी आहे. नवीन सांधे असतील तर सोल्युशन सुकायला एक दिवस द्यावा. पाइप साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवावा. बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवावा, म्हणजे रंग धरतो. मग सकाळी किंवा उतरत्या उन्हात दोन हात द्यावेत. क्लॅम्पपाशी रंग वाळताना पाइप एकदा सरकवून घ्यावा, नाहीतर रंगानेच तो चिकटतो. रंग देण्याआधी पाइपवर छापलेल्या अक्षरांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे तुकडा बदलायचा झाला तर माप आणि प्रकार लगेच कळतो.

पण रंग ठिसूळ झालेला पाइप पुन्हा चिवट करत नाही. जुना पाइप रंगवण्याजोगा आहे का, हे दुरुस्तीत निघालेल्या वीतभर तुकड्यावरून कळतं. मोठ्या माणसाने जाड बूट घालून, डोळ्यांना चष्मा लावून, तो तुकडा पायाखाली हळूहळू दाबावा. चांगला पाइप चपटा होतो, ठिसूळ पाइप कडकन तुटतो. तुटला तर उन्हातली ती सगळी रेषा बदला, रंगावर खर्च करू नका. दुकानातून नवीन पाइप घेतानाही बघून घ्या. बाहेर उन्हात रचलेल्या ढिगातला वरचा पाइप एका बाजूने फिकट किंवा पिवळट असेल, तर तो घेऊ नका.

वर्गासाठी उपक्रम

साहित्य: तीन मीटरचा पीव्हीसी पाइप, तापमापक, मोजपट्टी, खडू, दोन-तीन गोल पेन्सिली.

सकाळी लवकर पाइप पेन्सिलींवर ठेवा, एक टोक कठड्याला टेकवा आणि दुसऱ्या टोकाशी जमिनीवर बारीक खूण करा. तापमापकाचा फुगा पाइपला कापसाने झाकून चिकटवा आणि वाचन लिहून घ्या. दुपारी दोन वाजता शिक्षकांनी एक-दोन मुलांना घेऊन पुन्हा तापमान पाहावं आणि टोक कुठे सरकलं तिथे खूण करावी. ३० अंशांचा फरक मिळाला तर वाढ सुमारे ६ मिलीमीटर येते, साध्या पट्टीवर स्पष्ट दिसते. मोजण्याआधी कठड्याकडचं टोक टेकलेलंच आहे ना, ते बघा. दोन वाचनांत फरक आला तर चूक बहुधा तिथेच असते.

स्वाध्याय

१. तुमच्या गच्चीवरची सर्वात लांब सरळ रेषा पावलांनी मोजा. ४० अंशांच्या फरकाने ती किती वाढेल?

२. सोलरचा गरम पाण्याचा सीपीव्हीसी पाइप ६ मीटर आहे. पहाटे १५ अंश आणि दुपारी ६५ अंश धरा. वाढ किती? (उत्तर: २१ मिमी. लांबी निम्मी असूनही हालचाल मोठी का, ते लिहा.)

३. तुमच्या गच्चीवरच्या एका क्लॅम्पमधला पाइप पालकांना हाताने सरकवून बघायला सांगा. सरकतो की नाही, ते वहीत लिहून आणा.